आभार मानावयाचे तर हिशेबासह

इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराच्या किडनी रोपणासाठी या साप्ताहिकातून फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही मदतीचे आवाहन केले होते. ठरविलेली रक्कम नऊ आठवड्यांत पूर्ण झाली, जूनमध्ये शस्त्रक्रिया पार पडली, आणि आज तो साथी स्वतःच्या पायांनी चालत रक्त तपासावयास जातो. ज्या शेकडो वाचकांनी, कार्यकर्त्यांनी व कामगारांनी हातभार लावला त्या सर्वांचे आम्ही मनापासून आभार मानतो. परंतु दुसऱ्याच्या पैशावर उभे राहिलेल्या कार्यात आभाराचे शब्द स्वस्त असतात. पैसा कोठून आला, कोठे गेला, किती उरला आणि आमचे कोठे चुकले, हे देणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणून ऑक्टोबर २०२५ अखेरचा हिशेब येथे मांडत आहोत. त्याच्या शेवटी एक प्रश्नही आहे, आणि तो सोडविण्याचा अधिकार एकट्या आमचा नाही असे आम्ही मानतो.

रक्कम तीन वाटांनी आली. इंटरनेटवरील देणगी-संकलनाच्या एका मंचावरून ५,१०,००० रुपये जमले. वाचकांनी व पक्ष-सहानुभूतीदारांनी धनादेश, यूपीआय अथवा रोख पाठविले ते २,८४,३०० रुपये. आणि आठवड्याच्या पगारादिवशी शेडाशेडांतून पावतीपुस्तक फिरले त्यात १,३२,२४० रुपये आले. एकूण ९,२६,५४० रुपये. यातील तिसरा आकडा सर्वांत लहान आहे, पण तो दहा-दहा आणि वीस-वीस रुपयांच्या पावत्यांचा आहे. मंदीमुळे माग आठवड्यातून चारच दिवस चालत असताना त्या फाडल्या गेल्या, हे ज्यांना यंत्रमागाचा धंदा ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्यास काच कारखाना निघाला, त्या परंपरेतील हा पैसा आहे. पैसा फंडाचा पैसा मात्र कारखाना उभारण्यासाठी होता. आमचा, कारखान्याने आजारी माणसाला वाऱ्यावर सोडल्यामुळे गोळा करावा लागला.

मंचाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावरून सर्वांत जास्त पत्रे आली. 'मंचाचे शुल्क शून्य' अशी जाहिरात होती, आणि शब्दशः ती खरीही होती. परंतु पैसे वळते करण्याचा खर्च म्हणून तीन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे १८,०५४ रुपये कापले गेले व ४,९१,९४६ रुपये हाती आले. काही वाचकांनी कळविले की त्यांच्या बँक खात्यातून गेलेली रक्कम आमच्या यादीतील रकमेपेक्षा मोठी आहे. त्याचे कारण असे की देणगी देताना पडद्यावर मंचासाठी 'टिप' आधीच भरून ठेवलेली असते. ती आपण होऊन शून्य केली नाही तर ती देणगीत मिळविली जाते. ती रक्कम रुग्णाच्या नावावर कधीच जमा होत नाही, म्हणून आमच्या हिशेबात तिचा मागमूस नाही. ज्यांची अशी रक्कम गेली त्यांना आवाहन करतानाच आम्ही सावध करावयास हवे होते. मंचाच्या प्रतिनिधीने आणखी दोन सूचना केल्या होत्या: रुग्णाचे नळ्या लावलेले छायाचित्र टाकावे, आणि जमणाऱ्या रकमेतील वाटा देऊन जाहिरात करावी. दोन्ही आम्ही नाकारल्या. माणसाला मदत मिळविण्यासाठी आपले दैन्य प्रदर्शनास मांडावे लागावे, ही अट आम्हांस मान्य नाही.

पैसा ठेवला कोठे, हाही प्रश्न रास्तच आहे. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात काही वाचकांनी थेट रुग्णाच्या बचत खात्यात पैसे भरले. ३८,००० रुपये जमल्यावर आम्ही ते थांबविले. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सबंध रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते व तीवर आयकर लागू शकतो, ही गोष्ट मदत गोळा करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. आम्हांलाही एका निवृत्त लेखापरीक्षक वाचकाने फोन करून सांगितली तेव्हा कळली. त्यानंतर मंचावरील पैसा परस्पर रुग्णालयाच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था केली, आणि उरलेल्यासाठी पाच जणांची समिती नेमून दोघांच्या सहीने चालणारे वेगळे खाते उघडले. समितीत दोन माग-कामगार, एक निवृत्त शिक्षिका, रुग्णाचा मेहुणा व आमच्या कार्यालयातील एक कार्यकर्ता आहे. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतात, तशीच समितीनेही घेतली. तेथेही हा हिशेब सादर होईल. पक्षनिधीत यातील एक पैसाही मिसळलेला नाही. पावतीपुस्तके छापण्याचा खर्च कार्यालयाने सोसला.

जर्मनीतील व आखातातील काही मराठी बांधवांना रक्कम पाठवावयाची होती, त्यांची आम्ही क्षमा मागतो. परकीय देणगीविषयीचा २०१० चा कायदा राजकीय पक्षांना आणि नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादक-प्रकाशकांना परदेशातून देणगी घेण्यास मनाई करतो. उद्देश रुग्णसेवेचा असला तरी आवाहन करणारा हात आमचा होता. शंकेला जागा ठेवून रुग्णाचा निधी अडकवून घेण्यापेक्षा नकार देणे आम्ही पत्करले. ज्यांनी देणगीबद्दल आयकर सवलतीचे प्रमाणपत्र मागितले त्यांनाही निराश करावे लागले, कारण एका व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशाला ती सवलत नाही.

आता खर्च. आवाहन करताना आम्ही नऊ लाखांची फोड दिली होती: शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाचा अंदाज ६,५०,०००, आई व मुलगा या दोघांच्या पूर्वतपासण्या ९०,०००, पुण्यातील राहणे व प्रवास ६०,०००, आणि रोपणानंतरची पहिल्या काही महिन्यांची औषधे १,००,०००. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचे बिल ५,१२,४०० झाले, तपासण्या ९७,६५० वर गेल्या, राहण्या-प्रवासाला ७१,३०० लागले आणि चार महिन्यांची औषधे व रक्ततपासण्या यांना १,२१,८६०. एकूण खर्च ८,०३,२१०. मंचाची कपात वजा जाता हाती ९,०८,४८६ रुपये होते; म्हणजे १,०५,२७६ रुपये शिल्लक आहेत.

बिल अंदाजापेक्षा १,३७,६०० रुपयांनी खाली आले, हे रुग्णालयाचे औदार्य नव्हे. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या प्रत्येक रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने द्यावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे त्यासाठी वेगळा निधीही ठेवावा लागतो. आमच्या साथीचे रुग्णालय असेच धर्मादाय आहे. पण अनामत भरताना खिडकीवर ही गोष्ट कोणी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. शस्त्रक्रियेला अकरा दिवस राहिले असता निवृत्त शिक्षिकाबाईंनी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाची खोली शोधून काढली, उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका जोडून अर्ज दिला, तेव्हा 'दुर्बल घटक' म्हणून सवलत मिळाली. तपासण्यांचे पैसे तोवर पूर्ण दराने भरून झाले होते. हा अर्ज पहिल्या दिवशी दिला असता तर त्यातलेही काही वाचले असते. तो दोष आमचा. अन्यत्र असे काम हाती घेतलेल्या कार्यकर्त्यांनी वर्गणीचे पुस्तक छापण्याआधी ही खोली गाठावी.

तीन वाचकांनी विचारले आहे की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी रोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत तरतूद असता लोकांकडे हात का पसरला? प्रश्न योग्य आहे. डायलिसिस त्या योजनेतूनच, विनामूल्य, चौदा महिने चालला. रोपणासाठी मात्र योजनेतील रुग्णालयाने प्रतीक्षा यादीत नाव घातले आणि महिना सांगितला नाही. दरम्यान डायलिसिससाठी हातावर केलेला फिश्चुला दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा तो बंद पडला तर मानेतून नळी घालून डायलिसिस करावा लागेल, त्यातून जंतुसंसर्ग झाला तर रोपणच लांबेल, असे डॉक्टरांनी सांगितले. योजना कागदावर असणे आणि खाट रिकामी असणे यांतील अंतर आपण सर्वांनी मिळून भरले.

तपासण्यांचा खर्च वाढला तो दुसरी क्रॉसमॅच करावी लागल्याने. आईच्या पेशींवर मुलाचे रक्त हल्ला करीत नाही ना, हे पाहणारी ही तपासणी रोपणाच्या अगदी जवळच्या दिवसांत झालेली लागते. मुलाला ताप आल्याने तारीख पुढे गेली आणि आधीचा अहवाल जुना झाला. राहण्याचा खर्च वाढला त्याचे कारण अधिक साधे आहे. रोपणानंतर पहिले पाच आठवडे आठवड्यातून दोनदा रक्त तपासावे लागते, आणि प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असल्याने धर्मशाळेत दहा जणांबरोबर राहता येत नाही. स्वतंत्र न्हाणीघराची खोली पाहावी लागली. याच सदरात ६,२०० रुपयांची पावती नाही. घरमालकाने रोख घेतले व पावती दिली नाही; रुग्णाच्या पत्नीचे व समितीच्या एका सदस्याचे सहीचे टिपण तेवढे फायलीत आहे. आम्ही ते तसेच येथे सांगत आहोत. पावती मागाहून बनवून घेण्याचा सल्ला एका हितचिंतकाने दिला होता, तो आम्ही मानला नाही.

सर्वांत मोठी चूक आमच्या अंदाजातच होती. शस्त्रक्रिया झाली की आजार संपला, असे समजून आम्ही आवाहन लिहिले. वास्तविक रोपण झालेल्या माणसाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधे आज तरी जन्मभर घ्यावी लागतात. शरीर परक्या अवयवाला स्वीकारत नसते. ही औषधे त्याला रोखून धरतात. गोळी चुकली तर त्याच दिवशी काही होत नाही, दुखत नाही, खुपत नाही, आणि तेथेच धोका असतो. क्रिएटिनिन हळूहळू चढू लागते, आणि पाय सुजेपर्यंत, लघवी कमी होईपर्यंत किडनीचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी ठरावीक काळाने मोजावी लागते, आणि ती तपासणीही विकतची. सप्टेंबरात याचा अनुभव आला. गावातील दुकानदाराने नेहमीच्या कंपनीचे टॅक्रोलिमस नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचे दिले. पुढच्या तपासणीत पातळी खाली गेलेली आढळली व डॉक्टरांना मात्रा बदलावी लागली. क्रिएटिनिन सुदैवाने १.४ च्या आसपास स्थिर राहिले. स्वस्त औषध घेण्यास डॉक्टरांची हरकत नाही, पण कंपनी बदलायची तर त्यांना विचारून आणि त्यानंतर पातळी मोजून, अशी त्यांची ताकीद आहे. त्यामुळे आता औषधाचे पैसे कुटुंबाच्या हाती न देता समिती एकाच दुकानात महिन्याच्या महिन्याला भरते व बिलावर कंपनीचे नाव पाहून घेते. सध्या महिना सुमारे १०,५०० रुपये लागतात; पुढे मात्रा कमी झाली तर थोडे उतरतील.

ज्याच्या आठवड्याच्या पगारावर पाच माणसांचे घर चालते त्याला हा खर्च झेपणारा नाही, आणि येथे मूळ दुखण्याकडे बोट दाखविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हा साथी कामगार राज्य विमा योजनेत असता तर हा सारा उपचार त्याचा हक्क ठरला असता. ती योजना दहा वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होते. त्याच्या मालकाचे माग एकाच छपराखाली आहेत, पण कागदोपत्री ते पत्नी, भाऊ व मेहुणा यांच्या नावे चार ठिकाणी विभागलेले आहेत, आणि एकाही ठिकाणी दहा कामगार भरत नाहीत. अर्थात छोटा खर्चीवाला स्वतःच व्यापाऱ्याच्या मजुरीदरावर कसाबसा तगतो हेही खरे. त्याचे नाव घेऊन येथे खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या कामगारांनी दहा-दहा रुपये दिले त्यांतील बहुतेक जण याच स्थितीत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या किडन्या गेल्या तर पुन्हा पावतीपुस्तक छापावयाचे काय?

आता तो प्रश्न. किडनी आईने दिली. छप्पन्न वर्षांची ही बाई त्याच वस्तीत मागासाठी कांड्या भरण्याचे काम करते. तपासण्या, शस्त्रक्रिया आणि नंतरची विश्रांती धरून तिचे आठ आठवड्यांचे काम बुडाले. आठवड्याला साधारण १,८०० रुपये धरले तर ती मजुरी १४,४०० रुपये होते. आमच्या नऊ लाखांच्या फोडीत रुग्णाच्या रिक्षाभाड्यालाही जागा होती; आईच्या बुडालेल्या मजुरीला नव्हती. तिने मागितली नाही, आणि आम्हा पाच-पंचवीस सुजाणांपैकी कोणाला सुचली नाही. तिच्याच वस्तीतील एका कांडीवालीने पावती फाडताना विचारले, 'म्हातारीच्या घरात या दोन महिन्यांत चूल कशी पेटते?' तेव्हा आमच्या ध्यानात आले. चूल उधारीवर पेटत होती.

समितीत यावर दोन बैठका झाल्या. अवयवासाठी पैसा देणे १९९४ च्या मानवी अवयव रोपण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आईला काहीही देऊ नये, असे एका सदस्याचे मत होते. शंका प्रामाणिक होती. परंतु कायद्याचा मजकूर काढून पाहिला असता त्याने ज्या 'मोबदल्या'ला मनाई केली आहे त्याच्या व्याख्येतूनच अवयव देण्यामुळे थेट झालेला खर्च व बुडालेले उत्पन्न वगळलेले आढळले. म्हणजे बुडालेली मजुरी, तेवढीच व हिशेबाने, देण्यास कायद्याची आडकाठी नाही. दुसरी शंका अधिक अवघड आहे. देणाऱ्यांनी पैसा 'उपचारासाठी' दिला; आईची मजुरी हा उपचार आहे काय? आमच्या मते आहे. तिच्यावाचून उपचार झालाच नसता, आणि मुलासाठी पोटाला चिमटा घेणे हे आईचे कर्तव्यच म्हणून तिचे श्रम हिशेबाबाहेर टाकणे ही जुनी सवय या साप्ताहिकाने तरी सोडली पाहिजे. पण पैसा आमचा नाही. म्हणून समितीने ठराव केला आहे, अंमल मात्र केलेला नाही.

ठराव असा: शिल्लक १,०५,२७६ रुपयांतून १४,४०० रुपये आईच्या बँक खात्यात भरावेत आणि उरलेले ९०,८७६ रुपये केवळ औषधे व पातळीच्या तपासण्यांसाठी राखून ठेवावेत. आजच्या दराने ते सुमारे साडेआठ महिने पुरतील. ही शिल्लक पुढील गरजू रुग्णाकडे वळवावी अशी सूचना सातारच्या काही साथींनी केली आहे. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही ती आम्हांस मान्य करता येत नाही. या माणसाचे औषध जुलैत संपणार हे दिसत असता त्याच्या नावे आलेला पैसा दुसरीकडे नेणे योग्य होणार नाही. कोणा दात्याला आपल्या वाट्याची शिल्लक परत हवी असेल तर पावती क्रमांक कळवावा, प्रमाणात रक्कम परत केली जाईल. आईच्या मजुरीस ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी हा अंक हाती पडल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावे. आलेली पत्रे, नावे गाळून, आम्ही छापू.

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, रुग्णालयाचे बिल, औषधांची बिले व बँक खात्याचा उतारा आमच्या कार्यालयात मांडून ठेवला आहे. शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत कोणीही देणगीदार तो पाहू शकतो; दहा रुपये देणाऱ्याला तो पाहण्याचा तितकाच अधिकार आहे. इचलकरंजीत ज्या शेडांतून वर्गणी आली तेथे याच हिशेबाचा एक पानी कागद मोठ्या अक्षरांत चिकटविला जाईल, कारण ते सर्व जण हे साप्ताहिक वाचत नाहीत. औषधांचा पुढील हिशेब जानेवारी २०२६ अखेरचा असेल व फेब्रुवारीच्या पहिल्या अंकात येईल.